धर्मावरच्या सर्व्हे पेपरमध्ये लिमिटेशन्स कसं लिहायचं (स्वतःच्याच पायावर धोंडा न मारता)

माझ्या पहिल्या पेपरमध्ये मी नऊ लिमिटेशन्स लिहिली होती. नऊ! वाटलं होतं की आपण इतकं प्रामाणिकपणे सगळं कबूल करतोय म्हटल्यावर रिव्ह्यूअरला बोलायला काही उरणारच नाही. रिपोर्ट आला तर त्यात माझीच वाक्यं परत लिहिलेली, प्रत्येकाच्या आधी "लेखक स्वतःच मान्य करतात की" असं लावून, आणि शेवटी रिजेक्ट. नंतर थंड डोक्याने वाचलं तेव्हा कळलं की त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, मीच त्याला कोयता धार लावून दिला होता. नऊपैकी एकाही ठिकाणी मी हे लिहिलंच नव्हतं की या उणिवेमुळे माझा आकडा वाढलाय का कमी झालाय, आणि ती धरूनही माझ्या म्हणण्यातलं काय टिकतं.

तर आता जे पहिल्यांदाच लिहितायत त्यांच्यासाठी, एकच उदाहरण घेऊन. समजा तुमचा अभ्यास असा आहे: चार चर्च आणि पाच मशिदींमधून ४१२ जणांना प्रश्नावली दिली, सामूहिक प्रार्थनेला किती वेळा जाता हे विचारलं, आणि एकटेपणा मोजणारी एक स्केल भरून घेतली. जास्त वेळा जाणाऱ्यांचा एकटेपणाचा स्कोअर कमी निघाला, कोरिलेशन −०.२४, कॉन्फिडन्स इंटरव्हल −०.३३ ते −०.१५. आकडे मी बनवलेत, पण अशा प्रकारचे अभ्यास खूप होतात आणि सगळ्यांच्या अडचणीही साधारण याच.

पायरी १: आधी चूक आणि मर्यादा वेगळी करा

लिहायला बसण्याआधी प्रत्येक उणिवेला विचारा, ही मी आत्ता दुरुस्त करू शकतो का? डेटा हातात आहे, अॅनालिसिस परत चालवता येतं, तर ती मर्यादा नाहीच, ते राहिलेलं काम आहे आणि ते करून टाकायचं.

धर्माच्या अभ्यासात याचं फार बोलकं उदाहरण आहे. २०१५ मध्ये करंट बायॉलॉजी या जर्नलमध्ये सहा देशांतल्या ११७० मुलांवरचा एक पेपर आला, निष्कर्ष असा की धार्मिक घरातली मुलं स्टिकर वाटून घेताना कमी उदार असतात. जगभर बातम्या झाल्या. मग दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा परत तपासला तेव्हा दिसलं की देशांना दिलेले १, २, ३ असे कोड अॅनालिसिसमध्ये नुसते नंबर म्हणून गेले होते, म्हणजे ३ नंबरचा देश हा १ नंबरच्या तिप्पट "देश" आहे असं काहीतरी. देश नीट वेगळे धरल्यावर घराच्या धर्माचा तो मुख्य परिणाम उरला नाही, फरक बराचसा देशादेशांतला निघाला. २०१९ मध्ये लेखकांनी पेपर मागे घेतला. आता विचार करा, त्या पेपरात "देशांमधले फरक पूर्णपणे नियंत्रित करता आले नसतील" असं एक वाक्य असतं तरी काय फरक पडला असता? काहीच नाही. ते वाक्य खरं असतं आणि तरी पेपर चुकीचाच असता.

आपल्या उदाहरणात चर्च आणि मशीद वेगवेगळे न करता सगळे ४१२ एका ढिगात टाकले असतील तर ते "लिमिटेशन" म्हणून लिहू नका, आधी वेगळे करून बघा. यातून काय निघतं ते पुढे सांगतो, तिथेच खरी गंमत आहे.

पायरी २: जे तुम्ही करायलाच घेतलं नव्हतं त्याची माफी मागू नका

नवीन लोक हमखास लिहितात, "हा अभ्यास श्रद्धेच्या सत्यासत्यतेबद्दल काही सांगू शकत नाही." अरे, कोणी विचारलं होतं? देव आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवूनच धर्माचा अभ्यास करायचा ही भूमिका निनियन स्मार्ट यांनी १९७० च्या दशकातच नीट मांडलीये, तिला पद्धतीपुरता अज्ञेयवाद म्हणा हवं तर. ती तुमच्या अभ्यासाची चौकट आहे. चौकट मेथड्समध्ये एका वाक्यात सांगायची आणि पुढे जायचं. लिमिटेशन्समध्ये ती आणली की श्रद्धाळू रिव्ह्यूअरला वाटतं तुम्ही श्रद्धेला कमी लेखताय, आणि अश्रद्ध रिव्ह्यूअरला वाटतं तुम्ही देवासाठी दार किलकिलं ठेवताय. दोघंही भडकतात, आणि मिळालं काय, शून्य.

तसंच "फक्त दोनच धर्म घेतले" हेही. दोन घेतले कारण प्रश्न दोन परंपरांमधल्या सामूहिक प्रार्थनेचा होता. ती निवड आहे, तिचं कारण आधीच लिहा.

पायरी ३: टूथपेस्ट टेस्ट

आता उरलेली प्रत्येक ओळ घ्या आणि विचारा, ही ओळ टूथपेस्टच्या सर्व्हेमध्ये जशीच्या तशी चालेल का? "सॅम्पल लहान होतं." चालेल. "उत्तरं स्वतः दिलेली असल्याने त्यात त्रुटी असू शकतात." आरामात चालेल. मग ती ओळ अजून लिहून व्हायची आहे, कारण तिच्यात तुमच्या विषयाचं काहीच आलेलं नाही. रिव्ह्यूअर धर्माचा अभ्यासक असतो, अशी ओळ वाचली की त्याला वाटतं की या माणसाने विषयातलं वाचलेलं नाही, आणि तिथून पुढे तो प्रत्येक टेबल संशयाने बघतो.

स्वतः दिलेल्या उत्तरांचंच घ्या. धर्माच्या बाबतीत यावर फार चांगलं काम झालंय. १९९३ मध्ये हॅडवे, मार्लर आणि चेव्ह्झ यांनी अमेरिकेत लोक सर्व्हेमध्ये चर्चला जातो म्हणून जे सांगतात ते प्रत्यक्ष मोजलेल्या उपस्थितीशी ताडून पाहिलं, तर खरी उपस्थिती सांगितलेल्याच्या साधारण निम्मी निघाली. पुढे असंही दिसलं की मुलाखत घेणारा समोर बसून "तुम्ही चर्चला जाता का" असं थेट विचारतो तेव्हा आकडा फुगतो, आणि माणसाला आपल्या दिवसाची डायरी भरायला सांगितली, चर्चचा उल्लेखही न करता, की तो खाली येतो. का, तर "तुम्ही किती वेळा जाता" या प्रश्नाला लोक "तुम्ही कशा प्रकारचे माणूस आहात" असा प्रश्न समजून उत्तर देतात. खोटं बोलायचा हेतू नसतो बहुतेकांचा.

हे माहीत असेल तर तुमची ओळ टूथपेस्टसारखी राहणारच नाही.

पायरी ४: दिशा सांगा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, बाकी सगळं यापुढे किरकोळ आहे. प्रत्येक मर्यादेला एकच प्रश्न: हिच्यामुळे माझा −०.२४ खऱ्यापेक्षा मोठा दिसतोय की लहान?

वाढवून सांगण्याचं घेऊ. सगळेच सारख्या प्रमाणात वाढवून सांगत असतील, म्हणजे महिन्यातून दोनदा जाणारा चारदा म्हणतो आणि एकदा जाणारा दोनदा, तर कोण जास्त जातो आणि कोण कमी हा क्रम तसाच राहतो आणि कोरिलेशनला फारसा धक्का लागत नाही. चुका आंधळ्या असतील, कोणी विसरून जास्त सांगतो कोणी कमी, तर संबंध खऱ्यापेक्षा कमकुवत दिसतो. पण तिसरी शक्यता आहे ती खरी घातक, की ज्याला आपली धार्मिक ओळख महत्त्वाची वाटते तो उपस्थितीही वाढवून सांगतो आणि "मी मजेत आहे, मला एकटं वगैरे वाटत नाही" हेही वाढवून सांगतो. मग दोन्हीकडचा फुगवटा एकाच माणसात येतो आणि संबंध फुकटात तयार होतो.

म्हणजे "सेल्फ रिपोर्ट आहे" हे एकच लिमिटेशन तीन वेगवेगळ्या दिशांना नेऊ शकतं, आणि रिव्ह्यूअरच्या मनात नेहमी तिसरी असते. ती तुम्ही आधी लिहा आणि काय तपासलं ते सांगा. प्रश्नावलीत स्वतःला चांगलं दाखवण्याची प्रवृत्ती मोजणारी छोटी स्केल टाकली असेल तर ती धरून परत चालवा. समजा −०.२४ चा −०.२१ झाला. हा आकडा द्या. थोडा भाग फुगवटा होता, बहुतेक भाग तसाच राहिला, असं मोकळेपणाने म्हणा. स्केल टाकलीच नसेल तर तेही सांगा, आणि प्रश्नावली एकट्याने भरली होती की मौलाना नाहीतर पाद्री शेजारी उभे असताना, हेही लिहा, कारण त्यावर बरंच अवलंबून असतं.

कधीकधी दिशा कळतच नाही. आपलं सॅम्पल प्रार्थनास्थळांतूनच घेतलंय, म्हणजे जे लोक जायचे आणि तिथे एकटं वाटून सोडून गेले ते यात नाहीत. जे टिकलेत ते बहुतेक तेच ज्यांना तिथे बरं वाटतं. त्यामुळे उद्या एखाद्या नवीन माणसाने जायला सुरुवात केली तर त्याला किती फरक पडेल याचा अंदाज आपला डेटा फुगवूनच देणार. पण दुसरीकडे, अजिबात न जाणारा माणूसही यात जवळजवळ नाही, सगळे कमीजास्त जाणारेच, उपस्थितीचा पल्ला आखूड झालाय, आणि पल्ला आखूड झाला की कोरिलेशन सहसा खाली येतं. एक वर ओढतंय एक खाली. अशा वेळी दोन्ही ओढी लिहायच्या आणि सांगायचं की निव्वळ कुठे झुकतं ते या डेटावरून ठरत नाही, म्हणून आमचं म्हणणं सध्या जाणाऱ्यांपुरतंच आहे. दावा लहान करणं आणि माफी मागणं यात हाच फरक आहे. दावा लहान केला की तेवढ्या जागेत तो पक्का बसतो.

पायरी ५: मोजपट्टी सगळ्यांना सारखी लागू होते का बघा

मघाशी म्हटलं ना, चर्च आणि मशीद वेगळे करून बघा. शुक्रवारची सामूहिक नमाज पुरुषांवर बंधनकारक मानली जाते, बायकांवर नाही. म्हणजे मशिदीत कमी येणारी बाई कमी धार्मिक आहे असं मुळीच नाही, घरी पाच वेळा नमाज पढत असेल ती. आठवड्यातून किती वेळा जाता हा प्रश्नच मुळात रविवारी सगळ्या कुटुंबाने चर्चला जाण्याच्या सवयीवर बेतलेला आहे, आणि तो आपण सगळ्यांच्या हातात दिला.

समजा मशिदींमधून आलेल्यांत ६१ बायका आहेत. त्यांच्यापुरतं चालवलं आणि कोरिलेशन आलं −०.०५. नवीन माणूस इथे दोनपैकी एक चूक करतो. एकतर घाबरून लपवतो, नाहीतर "मुस्लिम स्त्रियांमध्ये उपस्थितीचा एकटेपणाशी संबंध नाही" असं ठोकून देतो. ६१ जणींवर −०.०५ चा इंटरव्हल साधारण −०.३० ते ०.२० जातो. त्यात शून्यही आहे आणि आपला −०.२४ सुद्धा आहे! म्हणजे हा गट बाकीच्यांसारखाच आहे की वेगळा, हे ६१ जणींवरून कळत नाही. एवढंच लिहायचं, इंटरव्हलसकट. आणि हे रिझल्ट्समध्ये लिहायचं, लिमिटेशन्समध्ये त्याकडे नुसतं बोट दाखवायचं. मला विचाराल तर अशा पेपरची सगळ्यात वाचनीय ओळ हीच असते, कारण पुढच्या अभ्यासकाला इथे नेमकं काय मोजायचं ते कळतं: घरची नमाज वेगळी विचारा, आणि बायकांचं सॅम्पल मोठं घ्या.

पायरी ६: टायटलपासून शोधत या

आपला अभ्यास एकाच वेळी केलेला सर्व्हे आहे. एकटेपणा वाढलेला, आजारी, गुडघे धरलेला माणूस प्रार्थनेला जाणंच कमी करतो, म्हणजे बाण उलटाही असू शकतो. हे सगळे लिहितात. पण त्याच पेपरचं टायटल असतं "सामूहिक प्रार्थनेचा एकटेपणावरील परिणाम" आणि अॅब्स्ट्रॅक्टमध्ये "उपस्थितीमुळे एकटेपणा कमी होतो". रिव्ह्यूअर हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो आणि संपलं. त्याला राग मर्यादेचा येत नाही, पान एकवर एक आणि पान अठरावर दुसरं बोलल्याचा येतो.

म्हणून फाइलमध्ये सर्च मारा: परिणाम, प्रभाव, मुळे, कमी करते, संरक्षण देते. इंग्रजीत लिहीत असाल तर `effect`, `impact`, `leads to`, `reduces`, `protects`. प्रत्येक ठिकाणी थांबा आणि "संबंध आढळला" नाहीतर "जास्त जाणाऱ्यांमध्ये कमी दिसला" असं करा. मागच्यांच्या अभ्यासाबद्दलचं वाक्य असेल, आणि त्यांनी खरंच प्रयोग केला असेल, तर राहू द्या. आणि उलट्या बाणाबद्दल थोडं तरी काही करता येतं का बघा, उदाहरणार्थ चालण्याफिरण्याची अडचण नसलेले ३३८ जणच घेऊन परत चालवलं आणि −०.२२ आला, तर निदान गुडघ्यांचं स्पष्टीकरण पुरेसं नाही हे दाखवता येतं. मनाने खचून घरी बसलेल्यांचं स्पष्टीकरण तरीही शिल्लक राहतं, तेही लिहायचं.

पायरी ७: आता लिहा

जागा डिस्कशनमध्ये, मुख्य निष्कर्ष सांगून झाल्यावर आणि "याचा उपयोग काय" च्या आधी. अगदी शेवटी नको, नाहीतर वाचणारा उणिवांची चव तोंडात घेऊन उठतो. तीन, फार तर चार मुद्दे, सगळ्यात गंभीर आधी. गंभीर मुद्दा मध्ये कुठेतरी दडवून ठेवला तर तो सापडतोच, आणि मग दडवला होता हेही सापडतं.

माझ्यासारख्याने पूर्वी लिहिलं असतं ते असं:

"या अभ्यासाच्या अनेक मर्यादा आहेत. सॅम्पल लहान व सोयीनुसार निवडलेलं होतं. माहिती सहभागींनी स्वतः दिलेली असल्याने ती विश्वासार्ह असेलच असं नाही. कार्यकारणभाव सिद्ध करता येत नाही. निष्कर्ष सार्वत्रिक करता येणार नाहीत."

यातलं तिसरं वाक्य बघा, स्वतःच्याच डेटाला अविश्वासार्ह म्हटलंय. मग छापायचा कशाला?

आता तेच, वरच्या पायऱ्या करून झाल्यावर:

"हा एकाच वेळी केलेला सर्व्हे असल्याने एकटेपणा वाढलेल्यांनी प्रार्थनेला जाणं कमी केलं असण्याची शक्यता उरते. चालण्याफिरण्याची अडचण असलेल्यांना वगळूनही संबंध जवळपास तेवढाच राहिला (−०.२२), त्यामुळे शारीरिक अडचण हे एकमेव स्पष्टीकरण वाटत नाही, मात्र मानसिक खच्चीकरणामुळे झालेली अनुपस्थिती आम्ही वेगळी काढू शकलो नाही. उपस्थिती लोक वाढवून सांगतात हे आधीच्या अभ्यासांतून माहीत आहे. स्वतःला चांगलं दाखवण्याची प्रवृत्ती धरल्यावर संबंध −०.२४ वरून −०.२१ झाला, म्हणजे फुगवटा आहे पण संबंध केवळ त्यातून आलेला दिसत नाही. सहभागी प्रार्थनास्थळांतून घेतल्याने सोडून गेलेले लोक यात नाहीत, म्हणून निष्कर्ष सध्या जाणाऱ्यांपुरते वाचावेत. मशिदीत येणाऱ्या स्त्रियांसाठी उपस्थिती हे धार्मिकतेचं अपुरं माप आहे आणि त्यांची संख्या (६१) वेगळा निष्कर्ष काढायला पुरेशी नाही."

लांब झालंय, मान्य. पण यातल्या कुठल्याही वाक्याच्या आधी "लेखक स्वतःच मान्य करतात की" लावून बघा. लावता येतं, पण टोचत नाही, कारण तपासलेलं काय आणि उरलेलं काय हे त्याच वाक्यात नाहीतर लगेच पुढच्यात येतं.

मुलाखतींवर काम करणाऱ्यांनी यातलं "सॅम्पल लहान" हे प्रकरण पूर्ण विसरावं, १८ मुलाखतींमधून टक्केवारी काढायचीच नव्हती. तुमची खरी मर्यादा वेगळीच असते: नावं कोणी सुचवली? संस्थेच्या प्रमुखाने दिली असतील तर नाराज माणूस यादीत नसणार, आणि नाराजीचा सूर तुमच्या निष्कर्षात नसेल तर तो समाजात नाही म्हणून की यादीत नव्हता म्हणून, हे लिहा.

पायरी ८: रिव्ह्यूअरने नवीन मर्यादा काढली तर

काढणारच. समजा तो म्हणाला, "बहिर्मुख लोक प्रार्थनेलाही जास्त जातात आणि एकटेही कमी असतात, हे का धरलं नाही?" लगेच "मौलिक सूचनेबद्दल आभार, मर्यादांमध्ये जोडलं आहे" लिहून मोकळं होऊ नका, पायरी १ ला परत जा. डेटात स्वभावाचा एखादा प्रश्न आहे? चालवा आणि आकडा द्या. नसेल तर दिशा सांगा: बहिर्मुखपणा दोन्हीकडे रिव्ह्यूअर म्हणतो तसा जोडलेला असेल तर तो आमचा संबंध खऱ्यापेक्षा मोठा दाखवेल, तो आम्ही मोजला नाही, म्हणून पान अमुकवर "उपस्थितीशी निगडित" असं वाक्य बदललं आहे. बदललेलं वाक्य पत्रातच पूर्ण उतरवा, पान आणि ओळ क्रमांकासकट, त्याला फाइल उघडून शोधत बसायला लावू नका.